करार झाल्यावर एजंट दलाली मागतो तेव्हा: देणं किती लागतं आणि बोलायचं कसं

मे-जूनमध्ये बदल्यांचे आदेश निघाले की रत्नागिरी, चिपळूण, कणकवली, कुडाळ या गावांत भाड्याच्या घरांची एकच धावपळ सुरू होते. शिक्षक, बँकेतले कर्मचारी, परिचारिका, एमआयडीसीत नव्याने लागलेली मुलं, सगळ्यांना पाऊस लागायच्या आत डोक्यावर छप्पर हवं असतं. घाईत घर बघितलं जातं, भाडं ठरतं, करारासाठी थंब दिला जातो. आणि किल्ली हातात घेताना घर दाखवणारा माणूस म्हणतो, "मॅडम, माझं एक महिन्याचं राहिलंय."

तोवर दलालीचा विषय कुणी काढलेला नसतो. निम्मं सामान टेम्पोत असतं. अशा वेळी बहुतेक जण एकतर मुकाट्याने पैसे देतात किंवा तिथेच भांडतात, आणि दोन्हींत नुकसान होतं. मला वाटतं, यातून नीट बाहेर पडायचं तर आधी एक गोष्ट मान्य करावी लागते: करार झाल्यावर दलाली मागणं यात मुळात वावगं काही नाही. व्यवहार जुळल्याशिवाय दलाली घ्यायची नाही हाच रिवाज आहे आणि भारतीय करार कायदा, १८७२ सुद्धा तेच सांगतो. वेगळं काही ठरलं नसेल तर एजंटचा मोबदला काम पूर्ण झाल्यावरच देय होतो. अडचण मागण्याच्या वेळेची नाही, आकडा आधी न सांगण्याची आहे. म्हणून "आता कसे मागता?" हा प्रश्न फारसा उपयोगाचा नाही. "कशाचे आणि किती?" असं विचारलं पाहिजे.

समोरचा माणूस नेमका कोणाचा?

कोकणात हा प्रश्न शहरापेक्षा जास्त गुंतागुंतीचा आहे, कारण इथले बरेच घरमालक मुंबई-ठाण्याला असतात. गणपतीला आणि मे महिन्यात घरी येतात, एरवी फ्लॅटची किल्ली शेजाऱ्याकडे, पुतण्याकडे, नाहीतर कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडे असते. घर दाखवायला येतो तो हाच माणूस. तो मालकाच्या वतीने घर सांभाळतो, भाडेकरू शोधतो आणि त्याबद्दल मालक त्याला काहीतरी देतो किंवा नात्यामुळे देत नाही. दुसरा प्रकार व्यावसायिक एजंटचा. त्याचं स्टँडजवळ किंवा बाजारपेठेत छोटं ऑफिस असतं, पाटी असते, त्याच्याकडे चार-पाच घरं दाखवायला असतात. तिसरा प्रकार करार करून देणाऱ्याचा. त्याचा मूळ धंदा ऑनलाइन भाडेकराराची नोंदणी करून देण्याचा, पण अधूनमधून घरंही दाखवतो आणि मग दोन्ही कामांचे पैसे एकातच मिसळून सांगतो.

पहिल्या प्रकारचा माणूस पहिल्याच फोनवर "मी मालकांचा माणूस, ते मुंबईला असतात" असं म्हणाला असेल आणि त्याने तेवढं एकच घर दाखवलं असेल, तर त्याला तुमच्याकडून दलाली मागण्याचा आधार फार कमी आहे. तुम्ही त्याला नेमलेलं नाही. तो मालकाच्या सांगण्यावरून मालकाचं काम करत होता आणि त्याचा मोबदला मालकाने द्यायचा. त्याने चहापाण्याला काही मागितलं आणि तुम्हाला द्यावंसं वाटलं तर तो तुमच्या मनाचा भाग आहे, देणं नव्हे.

व्यावसायिक एजंटचं तसं नाही. तो एजंट आहे हे तुम्हाला माहीत होतं, त्याने दोन-तीन घरं दाखवली, त्यांतलंच एक तुम्ही घेतलं, मग दर ठरला नव्हता म्हणून काहीच देणार नाही असं म्हणणं कायद्यातही टिकणार नाही आणि माणुसकीतही बसणार नाही. फुकट करण्याच्या हेतूने न केलेल्या कामाचा लाभ कुणी घेतला तर त्याची भरपाई द्यावी लागते, हे करार कायद्याच्या कलम ७० मध्ये आहे. दर ठरलेला नसतो तेव्हा प्रश्न "वाजवी किती" एवढाच उरतो. तो जी रक्कम तोंडाने सांगेल तीच वाजवी, असं मात्र नाही.

एक मधली शक्यताही असते. एजंटने घर दाखवलं, पण ते घर तुम्हाला आधीच एखाद्या सहकाऱ्याकडून कळलेलं होतं आणि मालकाशी बोलणंही सुरू होतं. दलालीचा हक्क व्यवहार ज्याच्यामुळे जुळला त्याचा असतो, मध्ये कधीतरी हजर असणाऱ्याचा नसतो. करारावर साक्षीदार म्हणून सही केली, एवढ्यानेही कुणी एजंट ठरत नाही. अशा वेळी पहिला फोन कोणाचा आणि कधीचा, हे मोबाइलमध्ये बघून ठेवा.

रिवाज काय आहे

मुंबई-ठाण्यात अकरा महिन्यांच्या करारावर भाडेकरूकडून एक महिन्याचं भाडं आणि मालकाकडून तेवढंच, हा सर्रास चालणारा दर आहे. कोकणातले एजंट तोच आकडा सांगतात, कारण मालकही मुंबईचे आणि दरही तिथूनच आलेला. प्रत्यक्षात रत्नागिरी-चिपळूणसारख्या ठिकाणी पंधरा दिवसांच्या भाड्यापासून एक महिन्यापर्यंत काहीही ठरतं आणि लहान गावांत ठोक रक्कम घेऊन विषय मिटतो. पंधरा दिवसांचा आकडा मागितला तर तुम्ही काही जगावेगळं मागत नाही, एवढं लक्षात ठेवा.

"सरकारी नियम आहे" असं कुणी म्हणालं तर ते खरं नाही. भाड्याच्या व्यवहारातल्या दलालीचा दर ठरवणारा कायदा महाराष्ट्रात नाही. इथे महारेराचं, म्हणजे घरबांधणी आणि घरविक्रीवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचं, नाव दोन्ही बाजूंनी घेतलं जातं. एजंट म्हणतो माझी नोंदणी आहे, भाडेकरू म्हणतो मी तक्रार करीन. पण रेरा कायद्यात एजंटची व्याख्या विक्रीच्या व्यवहारांपुरती आहे. घर भाड्याने देण्या-घेण्यातली दलाली तिच्यात येत नाही, त्यामुळे नोंदणीमुळे त्याला एक महिन्याचं भाडं मागायचा हक्क मिळत नाही आणि तुमची तक्रारही तिथे चालणार नाही.

दलालीवर "अठरा टक्के जीएसटी वेगळा" असं कुणी लावलं तर जीएसटी क्रमांक असलेलं बिल मागा. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सर्वसाधारणपणे त्याला नोंदणी करावी लागत नाही, आणि नोंदणी नसलेल्याला जीएसटी वसूल करता येत नाही. बिल मागितलं की बहुतेक वेळा ही मागणी मागे घेतली जाते.

एक उदाहरण, रुपयांसकट

समजा, एका शिक्षिकेची बदली रत्नागिरीला झाली. स्टँडजवळच्या एका एजंटने दोन संध्याकाळी तीन फ्लॅट दाखवले. तिने कुवारबावचा फ्लॅट पसंत केला. भाडं १०,००० रुपये, अनामत ३०,०००, करार अकरा महिन्यांचा. मालक डोंबिवलीला. भाडं ११,००० वरून १०,००० वर आणलं ते तिने स्वतः, मालकाशी फोनवर बोलून. घर दुसऱ्या कुणाला जाऊ नये म्हणून २,००० रुपये टोकन तिने एजंटला यूपीआयने दिलं, उरलेले २८,००० मालकाच्या खात्यावर भरले. कराराचे म्हणून एजंटने ३,००० घेतले. किल्ली देताना त्याने दलालीचे १०,००० मागितले. दलालीबद्दल याआधी एक शब्दही बोलणं झालेलं नव्हतं.

पहिली गोष्ट, त्या क्षणी होही म्हणायचं नाही आणि नाहीही. "दादा, आज सामान लावायचंय. उद्या संध्याकाळी हिशेब घेऊन बसू. तुमची रक्कम आणि ती कशाकशाची, एवढं मला व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवा." एवढं बोलून किल्ली घ्यायची. इथे एक बारकावा आहे. आधी झालेल्या कामाबद्दल नंतर लेखी कबुली दिली तर ती कायद्याने बंधनकारक ठरू शकते. त्यामुळे "हो दादा, पुढच्या महिन्यात देते" असा साधा मेसेजही, आकडा ठरायच्या आधी, पाठवू नका. एजंटने "१०,००० बाकी" असा मेसेज टाकला आणि तुम्ही अंगठा दाखवला, तर तीसुद्धा उद्या कबुली म्हणून दाखवली जाईल.

त्या रात्री तीन प्रकारचे पैसे वेगळे करायचे. एक दलाली, एक कराराचा खर्च आणि एक टोकन. एजंटच्या बोलण्यात हे तिन्ही मिसळलेले असतात आणि घोळ तिथेच होतो.

कराराचा खर्च मोजता येतो. लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे नेहमीच्या अकरा महिन्यांच्या भाडेकरारावर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के आहे. ते पूर्ण मुदतीचं भाडं आणि परत मिळणाऱ्या अनामतीवर वर्षाला १० टक्के दराने धरलेलं व्याज, या बेरजेवर लागतं. आपल्या उदाहरणात अकरा महिन्यांचं भाडं १,१०,००० आणि ३०,००० वर अकरा महिन्यांचं व्याज २,७५०, मिळून १,१२,७५०. त्याचे ०.२५ टक्के म्हणजे २८२ रुपये, भरताना शंभराच्या पटीत ३०० धरा. नोंदणी शुल्क नगरपालिकेच्या हद्दीत १,००० आणि ग्रामपंचायतीच्या हद्दीत ५००. कुवारबावचं घर ग्रामपंचायत हद्दीतलं धरलं तर मुख्य सरकारी रक्कम ८०० च्या आसपास होते. वर दस्त हाताळणीचं किरकोळ शुल्क आणि घरी मशीन घेऊन थंब घ्यायला येणाऱ्याची फी. ही फी प्रत्येकाची वेगळी असते आणि ती घेण्यात गैर काही नाही. पण ३,००० मधले सरकारी किती आणि सेवेचे किती, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. भरलेल्या शुल्काचा तपशील दस्तातच असतो, तो काढून बघा. हजार-दीड हजार सेवेचे निघाले, तर एजंटने या कामातही कमावलं आहे आणि दलाली ठरवताना ते मोजलं जायला हवं.

शिवाय महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून त्याची नोंदणी करण्याची जबाबदारी मालकाची आहे. खर्च कोणी करायचा हे आपसात ठरतं, बऱ्याच ठिकाणी निम्मानिम्मा. सगळा खर्च भाडेकरूने केला असेल तर तोही बोलण्यातला एक मुद्दा होतो.

टोकन हा माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. करारात अनामत ३०,००० लिहिली आहे, मालकाच्या खात्यात २८,००० गेले आहेत. मधले २,००० एजंटने मालकाला दिले का? दिले नसतील आणि आज कुणी विचारलं नाही, तर घर सोडताना मालक म्हणतील, माझ्याकडे अठ्ठावीसच आले होते. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मालकाला फोन करायचा, तोही भांडणाच्या सुरात नाही. "काका, घर छान आहे, सामान लागलं. टोकनचे दोन हजार तुमच्यापर्यंत पोचले का, एवढं विचारायचं होतं. आणि एजंट दलाली मागतायत, तुमच्याशी त्यांचं काही ठरलं होतं का?" कोकणातले मालक बहुधा सरळ सांगतात. आपल्या उदाहरणात काका म्हणाले, "मी त्याला पाच हजार दिले, पण टोकनचं मला काही बोलला नाही."

आता चित्र स्पष्ट झालं. मालकाकडून ५,००० मिळालेत, टोकनचे २,००० एजंटकडेच आहेत, करारातही त्याचं काही सुटलंय. दोन्हीकडून दलाली घेण्याचा रिवाज आहे, त्यामुळे मालकाने दिले म्हणून तुमचं देणं आपोआप शून्य होत नाही. पण मालकाकडून पंधरा दिवसांचं घेऊन तुमच्याकडून पूर्ण महिन्याचं मागण्याला काही आधार राहत नाही.

आकडा कसा ठरवायचा

बोलायला बसण्याआधी स्वतःशी दोन आकडे पक्के करा: सुरुवात कुठून करायची आणि कुठे थांबायचं. वरच्या उदाहरणात मी थांबण्याचा आकडा पंधरा दिवसांचं भाडं, म्हणजे ५,००० धरीन. त्याने तीन घरं दाखवली, वेळ दिला, घर त्याच्यामुळेच मिळालं. पण दर आधी सांगितला नाही, भाडं कमी करून घेतलं ते तिने, आणि मालकाकडूनही तेवढेच आलेत. कराराचे जास्तीचे पैसे लक्षात घेऊन सुरुवात ३,००० पासून.

एजंटने याहून जास्त काम केलं असेल तर आकडा वर न्यायला हवा. पावसात चार-पाच घरं फिरवली, मालकाला भाडं कमी करायला लावलं, टाकीची गळती करारापूर्वी दुरुस्त करून घेतली, गॅसची आणि पाण्याची सोय लावून दिली, तर पूर्ण महिन्याचं भाडं मागणाऱ्यालाही मी चूक म्हणणार नाही. आणि फक्त मोबाइलवर पत्ता पाठवला, दार उघडायला शेजारीण आली, अशा वेळी हजार-दोन हजारही पुरे.

समोरासमोर बसून

हे बोलणं फोनवर करू नका. एजंटच्या ऑफिसात किंवा तुमच्या घरी, सोबत एक शांत माणूस घेऊन करा. लहान गावात उद्या तोच माणूस बाजारात भेटणार आहे, तुमच्या शाळेतल्या कुणाचा तरी तो नातेवाईक निघणार आहे. सुरुवात त्याच्या कामाच्या कबुलीने करा, कारण ती खरी आहे आणि पुढचं बोलणं त्यामुळे सोपं होतं.

"दादा, तुम्ही दोन दिवस वेळ दिलात, घर तुमच्यामुळे मिळालं. तुमचे पैसे मी बुडवणार नाही. पण दर तुम्ही आधी सांगितला नव्हतात. सांगितला असतात तर मी त्याप्रमाणे ठरवलं असतं."

"मॅडम, एक महिना हा सगळीकडचा रेट आहे. विचारा कुणालाही."

"मुंबईत असेल. इथे पंधरा दिवसांवरही होतं, तुम्हाला माहीत आहे. काकांशी बोलले मी, त्यांनी पाच दिलेत म्हणाले. आणि टोकनचे दोन हजार त्यांच्याकडे पोचलेले नाहीत."

इथे थांबायचं. टोकनचा मुद्दा आरोप म्हणून लावू नका. "राहिलं असेल" असं म्हणून त्याला वाट द्या. तो बहुधा म्हणेल, "ते मी दलालीतच धरले होते." मग लगेच सांगायचं की ते अनामतीचे पैसे आहेत, करारात तसं लिहिलंय. ते आधी काकांना पाठवा, दलालीचा हिशेब वेगळा करू. हा क्रम सोडू नका. दोन्ही हिशेब एकत्र केले की २,००० कशात गेले हे अकरा महिन्यांनी कुणालाच सांगता येणार नाही.

त्यानंतर ३,००० म्हणा आणि कारणं सांगा. तो आठ म्हणेल, सात म्हणेल. दर वेळी पाचशे वाढवत जाण्यापेक्षा एकदाच मोठं पाऊल टाका: "मी साडेचार देते, आत्ता यूपीआय करते, आणि हा विषय इथे संपला." लगेच मिळणाऱ्या पैशाला किंमत असते. एजंटलाही माहीत असतं की करार नोंदला गेलाय, किल्ली तुमच्याकडे आहे, आणि चार-पाच हजारांसाठी कोर्टात कुणी जात नाही. तुमची बाजू या क्षणी त्याच्यापेक्षा मजबूत आहे. म्हणूनच ती वापरून त्याला शून्यावर आणू नका, असं मला मनापासून वाटतं. त्याच्या दोन संध्याकाळी गेल्या आहेत आणि त्याचं पोटही याच कामावर आहे.

पैसे देण्याआधी एजंटचा मेसेज, मग पैसे. मेसेज असा:

"कुवारबाव येथील फ्लॅट भाड्याने मिळवून दिल्याबद्दल माझी संपूर्ण दलाली ४,५०० रुपये ठरली आहे. ही रक्कम मिळाल्यावर माझं काही येणं बाकी राहणार नाही. कराराचं नूतनीकरण झाल्यास वेगळी दलाली लागणार नाही. टोकनचे २,००० रुपये मी घरमालकांना आज पाठवत आहे."

हा मजकूर तुम्ही लिहून द्या आणि त्याला त्याच्या नंबरवरून पाठवायला सांगा. तो आला की यूपीआय करा, टिपणीत "घरभाडे दलाली पूर्ण" असं लिहा. रोखीने द्यायचे असतील तर साध्या कागदावर हाच मजकूर लिहून सही घ्या. मालकांनाही कळवा, म्हणजे टोकनचे पैसे आल्यावर ते तुम्हाला तसा एक मेसेज करतील. तो मेसेज करारासोबत जपून ठेवा.

दबाव आला तर

काही वेळा बोलणं इतकं सरळ होत नाही. "कराराची कॉपी देणार नाही" ही सर्वांत नेहमीची अडवणूक. करार ऑनलाइन नोंदवलेला असेल तर तो नोंदणी विभागाच्या प्रणालीत असतो. एजंटच्या हातातली प्रत हा त्याचा एकमेव कागद नव्हे. नोंदणी करणाऱ्याकडून नोंदणीचा टोकन नंबर किंवा दस्त क्रमांक घ्या किंवा मालकांकडून पीडीएफ मागवा, आणि सूची क्रमांक २, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा सारांश, याचीही प्रत काढून ठेवा. नोंदणीच झालेली नसेल आणि एजंट नुसता नोटरी केलेला कागद दाखवत असेल, तर दलालीचा विषय बाजूला ठेवून आधी मालकांना नोंदणी करायला सांगा. नोंदणी न करणं हा मालकाच्या बाजूने शिक्षापात्र गुन्हा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे त्यांना धमकी म्हणून नव्हे, माहिती म्हणून सांगा.

"मालकांना सांगून घर खाली करायला लावीन" हे दुसरं वाक्य. करार तुमच्यात आणि मालकात आहे, एजंट त्यात पक्ष नाही. करारातल्या नोटीसच्या अटीशिवाय मालकांनाही तुम्हाला बाहेर काढता येत नाही. पण मालकाचं मन कलुषित झालं तर अकरा महिन्यांनंतर ते करार पुढे वाढवणार नाहीत, हे खरं आहे. म्हणूनच मालकांशी पहिल्याच दिवशी, तुमच्या तोंडून, सगळं बोलून घ्यायचं. एजंटचा फोन आधी गेला तर त्यांना एकच बाजू कळते.

तिसरी युक्ती म्हणजे मालकांना "माझे पैसे अनामतीतून कापून द्या" असं सांगणं. करारात तशी अट नसेल तर मालक ते करू शकत नाहीत. दलालीचा उल्लेख करारात आहे का, हे एकदा शेवटच्या पानापर्यंत वाचून बघा. ऑनलाइन करारांत तो सहसा नसतो. असेल तर मात्र लिहिलेली रक्कम द्यावी लागेल. रकमेत तडजोड मागता येते, पण माहीत नव्हतं असं म्हणता येत नाही.

दारात येऊन शिवीगाळ, पाणी किंवा वीज तोडणं, सामान अडवणं, हे झालं तर तो दलालीचा वाद राहत नाही. ११२ वर फोन करा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. फोनवरच्या धमक्या मेसेजमध्ये याव्यात म्हणून उत्तर लेखीच द्या: "आपलं म्हणणं कृपया लिहून पाठवा."

बोलणं फिसकटलं तर

तुम्हाला वाजवी वाटणारी रक्कम त्याला यूपीआयने पाठवून द्या आणि सोबत लिहा की आपण केलेल्या कामाचा हा वाजवी मोबदला आहे, याहून जास्त काही ठरलं नव्हतं. त्याने पैसे परत पाठवले तरी तुमची तयारी होती हे कागदावर राहतं. त्याला दावा करायचा असेल तर त्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते. त्यामुळे मेसेज, कॉलची नोंद, पावत्या हे सगळं घर सोडल्यावरही जपा. वकिलाची नोटीस आली तर दुर्लक्ष करू नका, एक साधं लेखी उत्तर द्या. महिलांना आणि कमी उत्पन्न असलेल्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत कायदेशीर मदत मिळते. ही कार्यालयं जिल्हा न्यायालयाच्या आवारात असतात आणि कोर्टात न जाता समेट घडवून देण्याचं कामही करतात. अशा लहान रकमेच्या वादाला हीच जागा सर्वांत योग्य आहे.

उलट प्रकार झाला असेल, म्हणजे एजंटने टोकन परत दिलं नाही किंवा पैसे घेऊन सांगितलेलं काम केलं नाही, तर ग्राहक म्हणून तुमची बाजू उभी राहते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, आणि तिथे सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क नाही.

पुढच्या वेळी, पहिल्याच दिवशी

घर बघायला जाण्याआधी एजंटला एवढा मेसेज टाका: "घर पसंत पडून करार झाला तरच दलाली देईन, पंधरा दिवसांचं भाडं, कराराचा खर्च वेगळा आणि पावतीप्रमाणे. मान्य असेल तर वेळ कळवा." त्याला मान्य नसेल तर तो त्याचा दर सांगेल आणि घासाघीस तिथेच होईल, घर हातचं जाण्याची किंवा सामान रस्त्यावर असण्याची भीती नसताना. त्याने नुसती वेळ कळवून घर दाखवलं, तरी मागाहून त्याला वेगळा दर सांगणं अवघड जातं. टोकन शक्यतो थेट मालकाच्या खात्यावर द्या. एजंटलाच द्यावं लागलं तर "अनामतीपैकी टोकन, मालकांसाठी" असं टिपणीत लिहा.

अकरा महिने संपत आले की तोच एजंट पुन्हा फोन करतो आणि नूतनीकरणाचे म्हणून अर्ध्या महिन्याचं भाडं मागतो. तुमचं आणि मालकांचं थेट बोलणं होत असेल, तर यात त्याचं काही काम उरलेलं नसतं. नवा करार नोंदवण्याचा खर्च तेवढा येतो आणि नोंदणीचं काम त्यालाच दिलं, तर त्या कामाची फी त्याला द्यायची. मुदत संपायच्या महिनाभर आधी मालकांना स्वतः फोन करा, भाडंवाढ किती ते ठरवा आणि मगच करार करणाऱ्याला बोलवा.